चेहऱ्याच्या चित्रफितीवरून नाडी व श्वसनदर मापन

चेहऱ्याच्या चित्रफितीवरून नाडी व श्वसनदर मापन ही शरीराला कोणतेही उपकरण न लावता, साध्या रंगीत कॅमेऱ्याच्या चित्रणातून हृदयाचे ठोके आणि श्वास मोजण्याची पद्धत आहे. प्रत्येक ठोक्यासरशी त्वचेखालील रक्ताचे प्रमाण किंचित वाढते व घटते आणि त्यामुळे त्वचेचा रंग अत्यल्प प्रमाणात बदलतो. त्याच वेळी डोके, मान व खांदे यांची सूक्ष्म हालचालही होत असते. हे दोन्ही बदल डोळ्यांना दिसत नसले तरी कॅमेऱ्याच्या नोंदीत उतरतात आणि गणिती प्रक्रियेने वेगळे काढता येतात. रंगबदलावर आधारलेल्या पद्धतीस दूरस्थ फोटोप्लेथिस्मोग्राफी असे म्हणतात.

स्थिर बसलेल्या व्यक्तीवर, पुरेशा व न लुकलुकणाऱ्या प्रकाशात ही पद्धत नाडीचा सरासरी दर चांगला देते. हालचाल, मंद प्रकाश, गडद त्वचा आणि चित्रफितीचे संपीडन यांमुळे तिची अचूकता घटते. अशा परिस्थितीत ती अनेकदा 'मोजता आले नाही' असे न सांगता विश्वसनीय वाटणारा चुकीचा आकडा देते. हा या पद्धतीचा सर्वांत महत्त्वाचा दोष मानला जातो.

## भौतिक आधार

त्वचेवर पडलेल्या प्रकाशाचे दोन भाग होतात. एक भाग त्वचेच्या पृष्ठभागावरूनच परावर्तित होतो. कपाळावर किंवा नाकाच्या शेंड्यावर दिसणारी चकाकी ती हीच. हा प्रकाश त्वचेच्या आत गेलेला नसल्यामुळे त्यात रक्ताविषयी काहीही माहिती नसते. दुसरा भाग त्वचेत शिरतो, आतल्या थरांत विखुरतो, काही प्रमाणात शोषला जातो आणि उरलेला परत बाहेर येतो. नाडीची खूण फक्त या दुसऱ्या भागात असते.

रक्तातील हिमोग्लोबिन हिरवा प्रकाश जोरदारपणे शोषते. ऑक्सिजनयुक्त हिमोग्लोबिनच्या शोषणाची दोन शिखरे सुमारे ५४२ आणि ५७७ नॅनोमीटर तरंगलांबीजवळ, म्हणजे हिरव्या ते पिवळसर पट्ट्यात, येतात. तांबडा प्रकाश त्वचेत अधिक खोलवर जातो, पण हिमोग्लोबिन तो फारच कमी शोषते. निळा प्रकाश चांगला शोषला जातो, मात्र तो वरच्या थरांतच अडतो. त्यामुळे रंगीत कॅमेऱ्याच्या तांबड्या, हिरव्या व निळ्या या तीन वाहिन्यांपैकी हिरव्या वाहिनीत नाडीचा संकेत सर्वांत ठळक असतो.

हा बदल नेमका कोणत्या रक्तवाहिन्यांमुळे घडतो, यावर एकमत नाही. वरच्या थरातील सूक्ष्म रक्तवाहिन्यांमध्ये रक्त थेट कमीजास्त होते, असे प्रचलित स्पष्टीकरण आहे. अलेक्सेई कामशिलिन व सहकाऱ्यांनी २०१५ मध्ये वेगळे स्पष्टीकरण मांडले. त्यानुसार खोलवरच्या धमन्या स्पंदताना वरच्या थरावर दाब पडतो, त्या थराची घनता बदलते आणि म्हणून परत येणारा प्रकाश बदलतो. दर मोजण्यापुरता या वादाचा फरक पडत नाही, परंतु लहरीच्या आकारावरून रक्तदाबासारखे निष्कर्ष काढायचे असल्यास तो महत्त्वाचा ठरतो.

## इतिहास

प्रकाशाच्या साहाय्याने त्वचेतील रक्ताचे स्पंदन नोंदवण्याचे काम अमेरिकी शरीरक्रियाशास्त्रज्ञ आल्रिक हर्ट्झमन यांनी १९३० च्या दशकात केले. बोटाला चिमट्यासारखे लावले जाणारे आजचे पल्स ऑक्सिमीटर याच तत्त्वावर चालते. त्यात प्रकाशस्रोत व संवेदक दोन्ही त्वचेला चिकटलेले असतात आणि बाहेरचा प्रकाश अडवलेला असतो.

२००८ मध्ये विम व्हेरक्रुइसे, लार्स स्वासांद व स्टुअर्ट नेल्सन यांनी दाखवून दिले की खोलीतील नेहमीचा प्रकाश आणि एक साधा डिजिटल कॅमेरा एवढ्या सामग्रीवर, काही मीटर अंतरावरून, चेहऱ्यावरील नाडी टिपता येते. हिरव्या वाहिनीचे महत्त्व त्यांच्याच निबंधात स्पष्ट झाले. २०१० मध्ये एमआयटी मीडिया लॅबमधील मिंग-झर पोह, डॅनियल मॅकडफ आणि रोझालिंड पिकार्ड यांनी संगणकाच्या वेबकॅमवर हेच काम केले. तीनही वाहिन्यांतील मिश्र संकेतांतून नाडीचा घटक वेगळा काढण्यासाठी त्यांनी सांख्यिकी पद्धत वापरली. २०१३ मध्ये जेरार्ड डी हान व व्हिन्सेंट जान यांनी आणि २०१७ मध्ये वेनजिन वांग व सहकाऱ्यांनी त्वचेच्या प्रकाशीय प्रतिमानावर आधारलेल्या पद्धती मांडल्या. २०१८ पासून यासाठी चेताजालांचाही (न्यूरल नेटवर्क) वापर होऊ लागला.

२०१२ मध्ये एमआयटीतून प्रसिद्ध झालेल्या 'ऑयलेरियन व्हिडिओ मॅग्निफिकेशन' या तंत्राने चेहऱ्याचा रंगबदल डोळ्यांना दिसेल इतका वाढवून दाखवला, आणि त्यामुळे हा विषय सामान्य लोकांपर्यंत पोहोचला. दर मोजण्यासाठी मात्र चित्र असे वर्धित करण्याची गरज नसते. वर्धनाने नाडीबरोबर कॅमेऱ्यातील यादृच्छिक चढउतारही तितकेच वाढतात.

## मापनाची प्रक्रिया

पुढील उदाहरणातील आकडे प्रक्रिया समजावण्यासाठी घेतले आहेत. एक व्यक्ती खिडकीसमोर स्वस्थ बसली आहे. कॅमेरा सेकंदाला ३० चौकटी (फ्रेम) या वेगाने ३० सेकंद चित्रण करतो. म्हणजे एकूण ९०० चौकटी मिळतात.

### त्वचेचा भाग निवडणे व सरासरी काढणे

प्रथम प्रत्येक चौकटीत चेहरा शोधून कपाळ व गाल यांचा भाग निवडला जातो. डोळे, ओठ व केस वगळले जातात, कारण पापण्यांची उघडझाप आणि बोलणे यांमुळे तेथे रंग सतत बदलतो. निवडलेल्या भागात १०,००० पिक्सेल आहेत आणि हिरव्या वाहिनीत त्यांची सरासरी पातळी ० ते २५५ या मोजपट्टीवर १२० आहे, असे समजू.

नाडीमुळे होणारा बदल सरासरीच्या ०.३ टक्के धरला, तर तो ०.३६ पातळी भरतो. कॅमेरा प्रत्येक पिक्सेलचे मूल्य पूर्णांकात नोंदवतो. मग एका पातळीपेक्षाही लहान असलेला बदल नोंदला कसा जातो, असा प्रश्न पडतो. त्याचे उत्तर पिक्सेलच्या संख्येत आहे. त्वचेचे सर्व पिक्सेल नेमके १२० नसतात. एखाद्याचे खरे मूल्य १२०.४ असते, तर दुसऱ्याचे ११९.७. शिवाय प्रत्येक पिक्सेलमध्ये यादृच्छिक चढउतार असतो. त्यामुळे त्वचा किंचित उजळली, की काही पिक्सेल पूर्णांकाची सीमा ओलांडतात आणि बाकीचे जागेवर राहतात. किती पिक्सेलांनी सीमा ओलांडली यावर सरासरी ठरते आणि ती अपूर्णांकात सरकते.

सरासरीमुळे चढउतारही दबतो. एका पिक्सेलचे प्रमाण विचलन २ पातळ्या असेल आणि पिक्सेल परस्परांपासून स्वतंत्र असतील, तर १०,००० पिक्सेलांच्या सरासरीचे विचलन २ भागिले १०० म्हणजे ०.०२ उरते. ०.३६ चा संकेत ०.०२ च्या चढउतारापुढे स्पष्ट दिसतो. हाच चेहरा दूर असेल आणि त्वचेचे केवळ १०० पिक्सेल मिळत असतील, तर विचलन ०.२ होते आणि संकेत जवळजवळ बुडतो.

### तीन वाहिन्यांचा मेळ

केवळ हिरवी वाहिनी घेतल्यास मोठी अडचण येते. डोके थोडे वळले किंवा ढग सूर्यावरून सरकला, तर चेहऱ्याचा उजळपणा दोन-तीन टक्के सहज बदलतो. हा बदल नाडीच्या जवळजवळ दहापट असतो. यावर उपाय असा, की उजळपणातील बदल तीनही वाहिन्यांत सारख्याच प्रमाणात होतो, पण नाडीचा बदल तिन्हींत वेगवेगळ्या प्रमाणात होतो.

वांग व सहकाऱ्यांच्या पद्धतीत प्रत्येक वाहिनीला तिच्या अल्पकालीन सरासरीने भागतात आणि पुढील दोन संकेत तयार करतात. येथे R, G, B ही भागाकारानंतरची तांबडी, हिरवी व निळी मूल्ये असून σ हे प्रमाण विचलन आहे.

```
S1 = G - B
S2 = G + B - 2R
h  = S1 + (σ(S1) / σ(S2)) * S2
```

प्रकाश २ टक्क्यांनी वाढला तर R, G, B तीनही २ टक्क्यांनी वाढतात. मग S1 शून्य आणि S2 सुद्धा शून्यच राहतो. याउलट एका ठोक्यामुळे R मध्ये ०.१, G मध्ये ०.४ आणि B मध्ये ०.२ टक्के बदल झाला असे धरले, तर S1 = ०.२ आणि S2 = ०.४ मिळतात. दोन्हींचे चिन्ह एकच असल्यामुळे बेरजेत त्यांचा परस्परांस आधार मिळतो. त्वचेवरील चकाकीच्या बदलात मात्र या दोन संकेतांची दिशा सहसा विरुद्ध असते. म्हणून σ च्या गुणोत्तराने त्यांची उंची समान करून बेरीज केली, की चकाकी बऱ्याच अंशी कटते आणि h या संकेतात मुख्यतः नाडी उरते.

### वारंवारता शोधणे

अखेरीस h या संकेतातून ०.७ ते ४ हर्ट्झ, म्हणजे मिनिटाला ४२ ते २४० ठोके, एवढाच पट्टा ठेवून फूरिये रूपांतराने त्याचा वर्णपट काढला जातो. वर्णपटातील सर्वांत उंच शिखराची वारंवारता म्हणजे नाडीचा दर. ३० सेकंदांच्या नोंदीत वर्णपटाच्या दोन शेजारच्या बिंदूंमध्ये १/३० हर्ट्झ, म्हणजे मिनिटाला २ ठोक्यांचे अंतर असते. शिखर ३७ व्या बिंदूवर आले, तर वारंवारता ३७/३० म्हणजे सुमारे १.२३ हर्ट्झ आणि नाडी मिनिटाला ७४ ठोके ठरते.

नोंद केवळ १० सेकंदांची असेल, तर हे अंतर ६ ठोक्यांचे होते. वर्णपटात शून्ये भरून किंवा वक्र जुळवून शिखराची जागा अधिक बारकाईने काढता येते, पण त्यामुळे जवळच्या दोन वारंवारता वेगळ्या होत नाहीत. उलट नोंद फार लांब घेतली, तर तेवढ्या काळात नाडीच बदलते आणि शिखर पसरते.

## डोक्याच्या हालचालीवरून नाडी

हृदय प्रत्येक ठोक्याला रक्ताचा एक लोट वर डोक्याकडे ढकलतो आणि त्याच्या प्रतिक्रियेने डोके अगदी थोडे हलते. २०१३ मध्ये गुहा बालकृष्णन, फ्रेडो ड्युरँड व जॉन गुटाग यांनी चेहऱ्यावरील अनेक ठळक बिंदूंच्या उभ्या हालचालीचा मागोवा घेऊन त्यातून नाडी मोजली. या पद्धतीला त्वचा दिसण्याची गरज नाही. चेहऱ्यावर मुखवटा असताना किंवा डोक्याच्या मागील बाजूचे चित्रण असतानाही तिचा उपयोग होऊ शकतो, आणि रंगाचा संबंध नसल्याने त्वचेच्या वर्णाचाही तिच्यावर थेट परिणाम होत नाही. मात्र व्यक्तीने मान हलवली, गिळले किंवा ती बोलली, तर ती हालचाल हृदयामुळे होणाऱ्या हालचालीपेक्षा कितीतरी मोठी असते. त्यामुळे ही पद्धत पूर्ण स्थिर बसलेल्या किंवा झोपलेल्या व्यक्तीपुरती मर्यादित राहते.

## श्वसनदर

श्वसनाची खूण चित्रफितीत दोन मार्गांनी येते. पहिला मार्ग थेट हालचालीचा आहे. श्वास घेताना छाती व खांदे वर येतात आणि त्यांच्यासोबत डोकेही किंचित सरकते. खांदे चौकटीत असतील तर हा संकेत नाडीपेक्षा मोठा व मोजण्यास सोपा असतो. दुसरा मार्ग नाडीतून जातो. श्वास घेताना हृदय थोडे जलद आणि सोडताना थोडे संथ चालते. तसेच छातीतील दाब बदलल्याने नाडीच्या लहरीची उंची व तिची मूळ पातळीही श्वासाबरोबर हेलकावते. केवळ चेहरा दिसत असताना या हेलकाव्यांवरून श्वसनदर काढतात. श्वासानुसार ठोक्यांचा वेग बदलण्याचे हे प्रमाण वयाबरोबर कमी होते, त्यामुळे वृद्ध व्यक्तींमध्ये हा दुसरा मार्ग दुर्बळ ठरतो.

श्वसन संथ असल्यामुळे येथे कालावधीची अडचण अधिक जाणवते. मिनिटाला १४ श्वास घेणाऱ्या व्यक्तीच्या ३० सेकंदांच्या नोंदीत केवळ ७ श्वास असतात, आणि वर्णपटातील बिंदूंचे अंतर मिनिटाला २ श्वासांचे, म्हणजे मूळ आकड्याच्या सुमारे १४ टक्के असते. म्हणून श्वसनासाठी किमान एक मिनिटाची नोंद घेणे योग्य ठरते.

वारंवारतेचा पट्टा कोणासाठी ठरवला आहे, हेही तितकेच महत्त्वाचे आहे. प्रौढांसाठी बहुधा ०.१ ते ०.५ हर्ट्झ, म्हणजे मिनिटाला ६ ते ३० श्वास, असा पट्टा घेतात. जागतिक आरोग्य संघटनेच्या निकषानुसार खोकला किंवा श्वासाचा त्रास असलेल्या १ ते ५ वर्षांच्या बालकाने मिनिटाला ४० किंवा अधिक श्वास घेतल्यास तो जलद श्वास मानला जातो आणि न्यूमोनियाची शक्यता तपासली जाते. २ ते ११ महिन्यांच्या बाळासाठी ही मर्यादा ५० आहे. मिनिटाला ४२ श्वास घेणाऱ्या आजारी बालकाची वारंवारता ०.७ हर्ट्झ असते. प्रौढांचा पट्टा लावलेली प्रणाली हा दर दाखवूच शकत नाही. ती पट्ट्याच्या आत जे काही सर्वांत उंच शिखर सापडेल ते, उदाहरणार्थ २४, दाखवते आणि बालक निरोगी भासते. एवढेच नव्हे, तर ०.७ हर्ट्झ ही नाडीच्या पट्ट्याची खालची सीमा असल्यामुळे हाच श्वास नाडी म्हणूनही नोंदला जाऊ शकतो.

आणखी एक मर्यादा तत्त्वाचीच आहे. कॅमेरा छातीची हालचाल पाहतो, हवेचा प्रवाह पाहत नाही. झोपेत घसा बंद होऊन श्वास अडतो तेव्हाही छाती श्वासासाठी धडपडत हलत राहते. अशा वेळी हालचालीवरून काढलेला दर सुरळीत दिसतो, प्रत्यक्षात मात्र हवा आत जात नसते.

## त्रुटींची कारणे

### हालचाल

वर सांगितलेला वाहिन्यांचा मेळ लहान व अनियमित हालचाली बऱ्याच प्रमाणात काढून टाकतो. परंतु नाडीच्याच पट्ट्यात येणारी तालबद्ध हालचाल सर्वांत घातक असते. ट्रेडमिलवर मिनिटाला ११० पावले टाकणाऱ्या व्यक्तीच्या डोक्याची वारंवारता १.८३ हर्ट्झ असते. तिची नाडी १३० असली, तरी वर्णपटातील उंच शिखर ११० वर येऊ शकते. हा आकडा व्यायाम करणाऱ्या व्यक्तीसाठी अगदी स्वाभाविक वाटतो, त्यामुळे चूक लक्षात येत नाही.

### प्रकाश व कॅमेरा

भारतात व युरोपात वीजपुरवठा ५० हर्ट्झचा असल्याने अनेक दिवे सेकंदाला १०० वेळा मंद-तेज होतात. सेकंदाला ३० चौकटी टिपणाऱ्या कॅमेऱ्यात हे लुकलुकणे १० हर्ट्झचे भासते आणि नाडीच्या पट्ट्याबाहेर राहते. चौकटींचा वेग सेकंदाला ३३ असेल, तर तेच लुकलुकणे १ हर्ट्झचे, म्हणजे मिनिटाला ६० ठोक्यांच्या नाडीसारखे दिसते. अमेरिकेत दिवे १२० वेळा लुकलुकतात आणि तेथे २९.९७ चौकटींच्या वेगाने ०.१२ हर्ट्झचा हेलकावा येतो. तो श्वसनाच्या पट्ट्यात पडतो.

कॅमेऱ्याची स्वयंचलित उजळपणा व रंगसंतुलन व्यवस्थाही अडथळा आणते, कारण ती नेमका मोजायचा असलेला बदलच भरून काढू पाहते. म्हणून शक्य असल्यास ती बंद ठेवतात. मंद प्रकाशात अनेक वेबकॅम आपला वेग सेकंदाला ३० वरून १५ चौकटींवर आणतात. प्रणालीने वेग ३० च धरला, तर ९०० चौकटींची ६० सेकंदांची नोंद ३० सेकंदांची मानली जाते आणि ७२ ची नाडी १४४ दाखवली जाते. चौकटींची संख्या व घड्याळातील प्रत्यक्ष वेळ ताडून पाहिल्यास ही चूक पकडता येते.

### संपीडन

इंटरनेटवरील चित्रफिती आणि व्हिडिओ कॉल आकाराने लहान करून पाठवले जातात. संपीडन करणारी प्रणाली मागील चौकटीपेक्षा नगण्य फरक असलेले चौकोन जसेच्या तसे पुन्हा वापरते. नाडीचा बदल पातळीच्या अंशाएवढा असल्याने तो नगण्य ठरून पुसला जातो. पिक्सेलांची स्वतंत्रताही राहत नाही, त्यामुळे सरासरीचा फायदा घटतो. शिवाय ठरावीक अंतराने एक पूर्ण चौकट नव्याने पाठवली जाते आणि त्या क्षणी रंगात सूक्ष्म उडी येते. हे अंतर एक सेकंदाचे असेल, तर वर्णपटात ६० ठोक्यांवर खोटे शिखर उभे राहते. संशोधनासाठी वापरल्या जाणाऱ्या 'प्युअर' या संग्रहात चित्रे असंपीडित आहेत, तर 'कोहफेस' या संग्रहातील चित्रफिती बऱ्याच संपीडित आहेत. एकाच पद्धतीचे निकाल या दोन संग्रहांवर फार वेगळे येण्याचे हे एक प्रमुख कारण आहे.

### त्वचेचा वर्ण

मेलॅनिन हे रंगद्रव्य त्वचेच्या सर्वांत वरच्या थरात असते. प्रकाश आत जाताना एकदा आणि बाहेर येताना पुन्हा त्यातून जातो. गडद त्वचेत या दोन्ही वेळी अधिक प्रकाश शोषला जातो. परिणामी कॅमेऱ्यापर्यंत पोहोचणाऱ्या प्रकाशातील आतून आलेला वाटा घटतो, पृष्ठभागावरील चकाकीचा वाटा तुलनेने वाढतो आणि नाडीचा संकेत कॅमेऱ्यातील चढउताराच्या जवळ येतो. २०२० मध्ये इवा नोवारा, डॅनियल मॅकडफ व अशोक वीरराघवन यांच्या अभ्यासात फिट्झपॅट्रिक मोजपट्टीवरील सहाव्या, म्हणजे सर्वांत गडद, प्रकारच्या त्वचेवर अचूकता लक्षणीय घटल्याचे आढळले. प्रकाश वाढवल्यास काही प्रमाणात सुधारणा होते. मात्र कोणत्याही प्रणालीची अचूकता सांगताना ती कोणत्या वर्णाच्या व्यक्तींवर तपासली आहे हे सांगितले नसेल, तर तो दावा अपुरा ठरतो.

## चुकीचा आकडा ओळखणे

वर्णपटात सर्वांत उंच असे एक शिखर नेहमीच असते. ०.७ ते ४ हर्ट्झचा पट्टा ठेवल्यावर कोणताही यादृच्छिक चढउतार नाडीच्या लहरीसारखा दिसू लागतो. त्यामुळे भिंतीचे, बाहुलीचे किंवा छायाचित्राचे चित्रण दिले, तरी साधी प्रणाली 'नाडी ७८' असे उत्तर देते. चेताजालावर आधारलेल्या प्रणालींत हा धोका अधिक असतो, कारण नाडीची लहर सामान्यतः कशी असते हे त्या शिकलेल्या असतात आणि तशी लहर त्या रचू शकतात.

म्हणून आकड्यासोबत त्याच्या विश्वसनीयतेची तपासणी आवश्यक असते. शिखराभोवतीची व त्याच्या दुप्पट वारंवारतेभोवतीची ऊर्जा उरलेल्या पट्ट्यातील ऊर्जेच्या तुलनेत किती आहे, हे पाहिले जाते. खऱ्या नाडीची लहर शुद्ध ज्या-लहर नसल्याने दुप्पट वारंवारतेवर लहान शिखर सहसा आढळते. कपाळ, डावा गाल व उजवा गाल यांवरून स्वतंत्रपणे काढलेले दर जुळतात का, हेही तपासतात. हीच प्रक्रिया मागील भिंतीच्या भागावर केली असता तेच शिखर मिळाले, तर ते दिव्याचे किंवा संपीडनाचे आहे असा निष्कर्ष निघतो. या कसोट्यांत न उतरलेली नोंद सोडून देणे आणि आकडा न दाखवणे हे चांगल्या प्रणालीचे लक्षण आहे.

## अचूकतेचे मूल्यमापन

प्रणालीचे निकाल एकाच वेळी घेतलेल्या हृदयालेखाशी (ईसीजी) किंवा बोटावरील संवेदकाशी ताडले जातात आणि बहुधा सरासरी त्रुटी सांगितली जाते. हा आकडा दिशाभूल करू शकतो. स्वस्थ बसलेल्या पाच व्यक्तींच्या नाड्या ६६, ७०, ७४, ७८ व ८२ आहेत असे समजू. चित्रफीत न पाहता प्रत्येकासाठी ७४ हेच उत्तर दिले, तर त्रुटी अनुक्रमे ८, ४, ०, ४ व ८, म्हणजे सरासरी ४.८ ठोके येते. 'सरासरी त्रुटी ५ ठोक्यांपेक्षा कमी' हा दावा अशा प्रकारे काहीही न मोजताही खरा ठरतो. म्हणून चाचणीत व्यायामानंतरच्या व संथ अशा दोन्ही प्रकारच्या नाड्या असाव्या लागतात, एकाच व्यक्तीच्या नाडीतील चढउतार प्रणाली टिपते का हे पाहावे लागते आणि सर्वांत वाईट निकालही सांगावे लागतात.

## उपयोगाच्या सीमा

या पद्धतीतून मिळतो तो काही सेकंदांचा सरासरी दर. आलिंद विकंपनात (एट्रियल फिब्रिलेशन) ठोक्यांमधील अंतर सतत बदलते. तेव्हा वर्णपटात एकच शिखर नसते आणि सरासरी आकडा अनियमितता झाकून टाकतो. या विकारात काही दुर्बळ ठोके त्वचेपर्यंत पोहोचतही नाहीत, त्यामुळे त्वचेवर मोजलेली नाडी हृदयाच्या खऱ्या दरापेक्षा कमी भरते. हृदयाचा विद्युत-आलेख चित्रफितीतून मिळत नाही.

ज्या ठिकाणी त्वचेला काही चिकटवणे त्रासदायक असते, उदाहरणार्थ अपुऱ्या दिवसांच्या बाळाची नाजूक त्वचा, तेथे ही पद्धत विशेष आकर्षक वाटते. तेथेही प्रकाश, कॅमेऱ्याची जागा आणि चौकटींचा वेग नियंत्रित ठेवता येतो म्हणूनच ती चालते. अनियंत्रित परिस्थितीतील, विशेषतः फोनवर किंवा व्हिडिओ कॉलवर मिळालेला आकडा, छातीत दुखणे किंवा धाप लागणे अशा लक्षणांच्या वेळी निर्णयाचा आधार होऊ शकत नाही. मनगटावर बोटे ठेवून घड्याळ लावून मोजलेले ६० सेकंदांचे ठोके अशा वेळी अधिक विश्वसनीय असतात. याशिवाय मोजल्या जाणाऱ्या व्यक्तीच्या नकळत, दुरून व चित्रीकरणानंतरही हे मापन करता येते. त्यामुळे संमती व खासगीपणाचे प्रश्नही या पद्धतीशी जोडलेले आहेत.